‘ळ’चा क्लास, किराणा दुकानात

मोताळ्यात मराठीचा क्लास निघाला आहे. पाटी नाही, फी नाही, फक्त एक नारळ विकत घ्यावा लागतो. स्टँडजवळच्या किराणा दुकानात काउंटरपाशी उभ्याउभ्या तो करता येतो आणि त्यात एकच वाक्य शिकवतात. आजवरची विद्यार्थिसंख्या एक.

विद्यार्थी लखनौचा. मलकापूरला रेल्वेतून उतरून बुलडाण्याच्या एसटीत बसला आणि कंडक्टरकडे त्याने ‘मोताला’चं तिकीट मागितलं. कंडक्टरने दिलं. एसटीच्या भाड्यात ळ आणि ल यांचा फरक अजून धरत नाहीत. पुण्याच्या नोकरीत भेटलेली मैत्रीण इथली. तिच्या घरात आई आहे, वडील आहेत, दोन काका आहेत. पण पोरगा पसंत की नापसंत हे आजी ठरवणार. आजीला हिंदी कळते, ऐकायची नसते. तेव्हा गडी घाबरून आधी दुकानात शिरला. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून नारळ मागितला आणि सोबत एक मराठी वाक्य मागितलं.

दुकानदाराने हा सौदा फार मनावर घेतला. ‘नमस्कार’ त्याने आधीच बाद केला. नमस्कार काय, वीजबिल देणाराही करतो. ‘मला तुमची नात आवडते’ हे पाहुण्याने स्वतः सुचवलं, त्यावर आमच्याकडच्या खास हिंदीत उत्तर आलं, ‘‘ऐसा बोलेंगा तो ये नारियल तेरेच सर पे फुटेंगा.’’ शेवटी ठरलं ते असं : ‘आजी, पुरणपोळी आणखी वाढा.’ युक्तिवाद बिनतोड होता. पाहुणा येणार म्हणजे पुरण शिजलेलं असणारच, आणि ‘वाढा’ म्हणणाऱ्याला कुठल्याही आजीने आजवर हाकललेलं नाही.

वाक्य पाच मिनिटांत पाठ झालं. आणखीतला ण जेमतेम बसला. घोडं अडलं ते ‘पोळी’पाशी. पहिल्यांदा आली ‘पोली’. दुकानदाराने मान हलवली. मग आली ‘पोडी’. हिंदीवाल्याला ळ मागितला की आधी तो ल देतो, आणि ल परत केला की ड देतो. सुट्टे नसले की आपण गोळ्या देतो तसं. दुकानदाराने विकायला टांगलेला आरसा काढून त्याच्यापुढे धरला. दातामागे जिभेचं टोक दिसलं तर समजायचं ल झाला. टोक दिसता कामा नये, ते वर टाळ्याकडे वळलं पाहिजे. आता ‘ट’ म्हण. जीभ जिथे टेकली तिथेच ठेव. ‘‘अब बाजू से वारा छोड!’’ दुकानात तीन बाया पिशव्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ‘वारा छोड’ एवढंच ऐकलं आणि नारळवाल्या पोरापासून जरा लांब सरकल्या.

पण रीत बरोबर होती. हवा जिभेच्या दोन्ही कडांनी सोडायची आणि टोक खाली आणताना पुढे झटकायचं, की ळ पडतो. ल म्हणताना जीभ दाताशी असते, ळ म्हणताना वर छताला. बाकी यंत्र तेच. भाषाशास्त्राच्या पुस्तकात याला दोन पानं लागतात, आमच्या माणसाने एका आरशावर भागवलं. घामाघूम होत पोरगा ‘पोळी’वर आला. मग माळ, टाळ, बाळ, केळ. एकदा हाती लागल्यावर तो थांबेचना, डाळीलाही डाळ म्हणाला आणि बिचाऱ्या बादलीलाही बादळी.

आणि हे सगळं चालू असताना आमचे गुरुजी आत ओरडत होते, ‘‘अरे, गुयाची भेली आन! बाईले नारय दे! केयाचे पैसे कोनं देल्ले?’’

गूळ नाही, गूय. नारळ नाही, नारय. मोताळ्याच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या ळ विकला जात नाही. जो विकला जातो तो य. डोया, शाया, काया, फय, शेजारचं जयगाव. या भागात ळचा य होतो, खानदेशातही होतो, आणि त्यात कुणाचं काही अडत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर ‘नारय’ म्हणून नारळ विकले, तो एका परक्या पोराला तासभर ळ घोटवत होता, कारण पाहुण्यापुढे शुद्ध बोललं पाहिजे. ही शुद्धी कुठून आली ते सांगतो, आणि आता हसण्याचं काम तेवढ्यापुरतं बाजूला ठेवतो. ती पुण्याच्या होस्टेलमधून आली. पाहुण्याच्या याच मैत्रिणीने तिथे पहिल्या आठवड्यात ‘माह्या शायेत’ असं म्हटलं आणि खोलीतल्या पोरी पोट धरधरून हसल्या. त्यानंतर तिने आरशापुढेच ळ शिकला, फक्त तिच्या मदतीला दुकानदार नव्हता आणि कौतुक तर नव्हतंच. ही शुद्धी टीव्हीवरच्या मालिकेतूनही आली, जिथे वऱ्हाडी बोलणारा माणूस एकतर वॉचमन असतो किंवा चोराचा साथीदार, आणि त्याने तोंड उघडलं की मागे ढॅण्‌ढॅण् संगीत वाजतं. लखनौच्या माणसाने एक वाक्य मोडकंतोडकं म्हटलं की अख्खं घर विरघळतं : ‘किती गोड मराठी बोलतो!’ आमच्या माणसाने जन्मभर अख्खी मराठी बोलली तरी विचारतात, ‘तुम्ही नक्की कुठले?’ अरे, मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानतात ते लीळाचरित्र 13व्या शतकात वऱ्हाडातल्या रिद्धपुरात लिहिलं गेलं. संस्कृतात लीला, मराठीत तिची लीळा. तुमचा तो पवित्र ळ ग्रंथाच्या नावातच बसवून आम्ही दिला. नंतर आम्हाला तो नको झाला, आम्ही य घेतला. दिलेल्या मालाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, पण आमच्याच माणसाची जीभ आमच्याच मालाने मोजू नका. 2024 च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे सगळ्यांनी खाल्ले. होस्टेलच्या त्या खोलीतही वाटले असतील.

असो. पोरगा नारळ घेऊन घरी पोचला. पाय धुतले, पाया पडला, पाटावर बसला. पुरणपोळी आली, तिच्यावर तुपाची धार आली, वाटीत आमटी आली. पहिली पोळी त्याने मुकाट्याने खाल्ली. मैत्रीण दारात उभी राहून त्याच्याकडे बघत नव्हती, म्हणजे फार बघत होती. आजी दुसरी पोळी घेऊन पुढे आली. गड्याने जीभ टाळ्याला नेली, टेकवली, कडेने वारा सोडला आणि लख्ख, घोटीव, रेडिओवर बातम्या देतात तसं म्हणाला, ‘‘आजी, पुरणपोळी आणखी वाढा.’’

आजी थबकली. हातातली पोळी हातातच. तिने नातीकडे पाहिलं.

‘‘काय म्हन्ते हा? पोळी?’’

‘‘मराठी बोलते ना तो, आजी. शिकला तो.’’

‘‘तू त लखनौचा म्हनलं व्हतं. हा त पुन्याचा निंगाला!’’

घरात शांतता. दोन्ही काकांनी ताटात तोंड घातलं. पोराला एवढंच कळलं की काहीतरी भयंकर झालं, आणि दुकानदाराने शिकवलेलं एकुलतं एक हत्यार त्याने भीतीने पुन्हा चालवलं. तेच वाक्य, तोच ळ. आजीने पोळी वाढली. तिसऱ्यांदा चालवलं, तिसरीही वाढली. चौथ्यांदा आवाज बसला, जीभ तुपाने गुळगुळीत झाली, ळचं टाळ्यापर्यंत जाणं होईना आणि तोंडातून जे निघालं ते असं : ‘‘आजी, पुरनपोयी...’’

आजीने दोन पोळ्या एकदम वाढल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनेला निकाल दिला :

‘‘पोरगं बरं हाये. बोलनं सुधरून रायलं.’’