माशांचं विरजण

आमच्या डिचोलीत मासा हा खाण्याचा विषय आहे, पाहण्याचा नाही. त्यामुळे घरोघरी आणि दवाखान्यांत माशांच्या टाक्या बसवून त्यांची देखभाल करण्याचा धंदा काढतोय, असं मी घरी सांगितलं तेव्हा आईने एकच विचारलं, "दोन फुटांच्या टाकीत इसवण मावेल?"

भांडवल नऊ हजार रुपये. त्यात दोन टाक्या, स्पंजचे फिल्टर, हवेचे पंप, रबरी नळी, बादल्या आणि अमोनिया तपासायचे थेंब आले. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते पणजीतलं, एक दंतवैद्य. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात काढण्याआधी रुग्णांना मासे पाहत बसवलं, तर ते संमोहनाइतकेच शांत झाले. "गुरुवारी बसवा, रविवारी उद्घाटन. मासे वीस तरी हवेत."

"डॉक्टर, पाणी तयार व्हायला महिना लागेल."

"पाणी तयार व्हायला? नळाला तयारच येतं की!"

इथे माझं व्याख्यान सुरू होतं. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि साठला की त्यातच गुदमरतो. फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची दोन घराणी नांदतात. पहिलं अमोनियाचं नायट्राइट करतं, तेही विषच. दुसरं त्याचं नायट्रेट करतं, ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि उरलेलं आपण आठवड्याला पाणी बदलून बाहेर काढतो. कोऱ्या टाकीत ही घराणी वसायला चार ते सहा आठवडे जातात. डॉक्टरांचा चेहरा पाहून मी व्याख्यान एका शब्दावर आणलं : विरजण. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागत नाही.

विरजण माझ्या घरी होतं. दोन वर्षं चाललेल्या टाकीतला तपकिरी, बुळबुळीत स्पंज मी त्याच टाकीच्या पाण्यासकट डब्यात घेतला आणि कदंब बसने पणजी गाठली. शेजारच्या बाईंनी अख्ख्या प्रवासात डब्याकडे पाठ ठेवली. स्पंज नव्या टाकीत पिळला तेव्हा पाणी चहासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "अहो, मी नवीन टाकी मागितली होती."

दोन फूट लांब, एक रुंद, एक उंच टाकीत ५७ लिटर मावतात, पण वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की जेमतेम ४८ उरतात. विरजण असूनही मी सहाच गप्पी सोडले. जिवाणू जेवढं खाणं मिळेल तेवढेच वाढतात, एकदम वीस पाहुणे आले तर स्वयंपाक पुरत नाही. दर आठवड्याला १२ लिटर पाणी बदलायचं. ओपाहून पणजीला येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते उघड्या बादलीत चोवीस तास ठेवायचं किंवा हायपोचे थेंब टाकायचे.

महिनाभर छान गेला. मग एका सकाळी डॉक्टरांचा फोन. "मासे वर येऊन आ वासतायत." दवाखान्यात आ वासणं हा नियमच, पण माशांना तो लागू नव्हता. मी पोचलो तेव्हा दोन गेले होते. एकाचे कल्ले पाहिले, लालभडक. डॉक्टर पक्के गोंयकार, म्हणाले, "लाल म्हणजे ताजाच ना?" बाजारात लाल कल्ले पाहून आपण पिशवी उघडतो, टाकीत तेच पाहून माझ्या पोटात गोळा येतो. अमोनिया कल्ले भाजतो. चाचणीचे थेंब पिवळे राहायला हवे होते, ते हिरवे झाले.

मी फिल्टर काढला. स्पंज पांढराशुभ्र, लग्नातल्या रुमालासारखा.

"मीच धुतला," साफसफाईची बाय अभिमानाने म्हणाली. "केवढी घाण होती हो! नळाखाली धरला, साबण लावला."

दोन्ही घराणी मोरीतून मांडवीकडे गेली होती. निम्मं पाणी लगेच बदललं, दोन दिवस खाणं बंद केलं, कारण खाल्लं नाही तर अमोनियाही कमीच. साबणाचा तो स्पंज टाकून दिला आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मी पुन्हा बसमध्ये. आठवडाभर रोज थेंब पाहिले, हिरवा फिकटत पिवळ्यावर आला तेव्हा कुठे जिवात जीव आला. उरलेले चारही गप्पी जगले आणि गप्पींच्या रिवाजाप्रमाणे लवकरच वीस झाले. डॉक्टरांचा आकडा मी न आणताच पुरा झाला.

आता स्पंज मीच धुतो, महिन्यातून एकदा. टाकीतून काढलेल्या त्याच गढूळ पाण्यात दोनदा हलका दाबायचा आणि तसाच तपकिरी परत बसवायचा. बाय हात मागे बांधून उभी असते. परवा सगळं नीट पाहून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "आणि ह्याचे पैसे घेता?"