स्टॉक मोजावा कसा आणि जुळवावा कसा

दुकानातला स्टॉक घेण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत माल मोजतात, दुसरीत आकडे जुळवतात. दुसरी अधिक लोकप्रिय आहे आणि तिला साहित्यही थोडंच लागतं. ३१ मार्चची रात्र, सकाळी दहापासून पायांवर उभा असलेला सगळा स्टाफ, साडेनऊला ओढलेलं शटर, ‘दोनपर्यंत उरकतंय’ हे मॅनेजरचं आश्वासन आणि संगणकातल्या साठ्याची छापील यादी प्रत्येकाच्या हातात. यादीला विसरू नये, सगळी करामत तिचीच आहे. पहाटे तीनला खालच्या फळीपुढे उकिडव्या बसलेल्या माणसाला कागदावर ३६ दिसले की फळीवरही ३६च दिसतात. सकाळी सगळं जुळलेलं असतं, मालक खूश होतात आणि महिनाभरात संगणकात असलेली चहापत्ती गिऱ्हाइकाला काही केल्या सापडत नाही. ज्यांना एवढ्यावर समाधान आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

ज्यांना पहिल्या पद्धतीची जिज्ञासा आहे त्यांनी आधी हे मान्य करावं की मोजणी फळीपुढे बिघडत नाही, ती हजेरीपत्रकात बिघडते. एखादं मध्यम सुपरमार्केट धरू: २४ माणसं आणि गोडाऊनसकट ४८,००० नग. एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने स्कॅन करून नोंदवायचं, अशी सवय नसलेली जोडी तासाला ५०० नग करते असं धरलं, तर ९६ जोडीतास लागतात. सगळेच्या सगळे बाराही जोड्यांत कामाला जुंपले तरी आठ तास, म्हणजे रात्री दहाला सुरू केलं तर सकाळी सहा. यात फेरमोजणी नाही, जेवणाची सुट्टी नाही, आणि हीच माणसं दिवसभर बिलिंगला उभी होती. ‘दोनपर्यंत’ हा आकडा कुठून आला, याचा शोध अर्थशास्त्राने घ्यावा.

आता तेच काम उलट्या बाजूने, उद्याच्या शटरपासून मागे येत मांडावं. सकाळी दहाला दुकान उघडायला सहा माणसं हवीत. त्या सहांना रात्री थांबवायचं नाही, कितीही उत्साह दाखवला तरी. उरलेल्या अठरांपैकी दोघं टेबलावर: पट्ट्या देणं, परत घेणं, फरक काढणं. राहिल्या आठ जोड्या. त्यांनी ९६ जोडीतासांचं काम एका रात्रीत करणं शक्य नाही, म्हणून काम कमी करावं. गोडाऊनमधले १८,००० नग बहुतेक बंद खोक्यांत असतात. ते आधीच्या दुपारी मोजून खोक्यावर आकडा, तारीख आणि सही असलेली पट्टी चिकटवावी, आणि त्यानंतर खोकं काढलं तर पट्टीवरच वजाबाकी करावी. भांडी, प्लॅस्टिक, वह्या असा हळू खपणारा १०,००० नगांचा मालही दुपारच्या निवांत तासांत याच रीतीने उरकतो. रात्रीला २०,००० नग उरले, म्हणजे आठ जोड्यांना पाच तास. दहा टक्के फेरमोजणीला अर्धा तास, जेवणाला अर्धा तास. दहाला सुरू, चारला शेवट. मोजणाऱ्यांना त्या दिवशी संध्याकाळी सातलाच बोलवावं. तोवरचं दुकान ती सहा माणसं आणि टेबलावरचे दोघं सांभाळतील. बिलिंगचे चारपैकी दोन काउंटर बंद राहतील आणि रांगेतला एखादा गृहस्थ व्यवस्थापनावर व्याख्यान देईल, ते ऐकून घ्यावं. टेबलावरच्या दोघांना मात्र दुपारी दोनच्या आधी बोलवू नये, कारण रात्रीची शेवटची बेरीज त्यांचीच असते. चारला घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी चारला येतो. आधी नाही, ‘जरा तासभर’ म्हणूनसुद्धा नाही.

विभाग पाडताना दुकानाचा नकाशा घेऊन सारख्या लांबीचे तुकडे करण्याचा मोह फार होतो, नकाशा सुबकही दिसतो. पण दहा किलोच्या आट्याच्या ३०० गोण्या म्हणजे अर्ध्या तासाचं काम, आणि तेवढ्याच लांबीच्या रॅकवर मसाल्याची, शाम्पूच्या पुड्यांची, खोबरेल तेलाच्या लहान बाटल्यांची रात्र निघते. म्हणून विभाग लांबीने नव्हे, नगांनी पाडावा, आणि बारीक मालाचे विभाग रात्रीच्या पहिल्या टप्प्यात, माणसं ताजी असताना द्यावेत. आटा-तांदूळ तीन वाजताही मोजता येतो, गोणी डुलकीतही गोणीच दिसते. प्रत्येक विभागाला क्रमांकाची पट्टी, मोजून झाला की सही. पट्टी टेबलावर परत आल्याशिवाय दुसरा विभाग मिळणार नाही. हातात यादी मात्र द्यायची नाही. मोजणाऱ्याला संगणकातला आकडा माहीत नसणं, एवढीच या सगळ्या विधीतली खरी सोवळ्याची गोष्ट.

आक्षेप येतील. पहिला मालकांचा: सीएंना ३१ मार्चचा साठा हवा, मग मोजणीही त्याच रात्री. हिशेब त्या तारखेचा हवा हे खरं, पण मोजणी थोडी आधी करून मधली खरेदी मिळवणं आणि विक्री वजा करणं लेखापरीक्षणाच्या मानकांना मान्य आहे. मधल्या नोंदी मात्र तपासता येतील अशा चोख हव्यात. महिन्याचा किराणा भरायला अर्धं गाव १ एप्रिलला येणार हे ठाऊक असताना आदली रात्र जागून काढण्यापेक्षा २५ तारखेच्या आसपासचा मंदीचा मंगळवार निवडावा, एवढंच. दुसरा आक्षेप: इतकी माणसं सकाळी घरी बसवणं परवडत नाही. तर न बसवणं किती परवडतं तेही पाहावं. महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात जादा तासांना दुप्पट वेतन आहे, आणि रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते. पहाटे चारला ताईंना घरापर्यंत सोडायची गाडी कोण देणार, हे आधी लिहून ठेवावं. ‘बघू तेव्हा’ ही व्यवस्था नव्हे. तिसरा आक्षेप दमदार आहे: माणसं ताजी असली तरी चुकतातच. चुकतात. पण ताज्या माणसाची चूक सापडते, दमलेल्याची सापडत नाही, कारण ती संगणकाशी जुळवलेली असते.

चूक ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. एकाच जोडीच्या पट्टीवर शेवटी शून्य असलेले आकडे दाटीने येऊ लागले की ती जोडी मोजत नाही, अंदाज करते आहे. तिला चहा पाजावा आणि तो विभाग दुसऱ्या जोडीला द्यावा. पाव किलोची चहापत्ती बाराने कमी आणि अर्ध्या किलोची बाराने जास्त आली तर चोर शोधू नये, चुकीचा बारकोड स्कॅन झाला आहे. साबणाचा फरक चाराच्या पटीत आला तर कुणीतरी चारचा जोडपॅक सुटा मोजला. मोठे फरक त्याच रात्री दुसऱ्या जोडीकडून पाहावेत, कारण सकाळी गिऱ्हाईक आत आलं की फळी बदलते. लहान फरक मात्र रात्री संगणकात चढवू नयेत. संध्याकाळी आलेला पण नोंद न झालेला माल, पुरवठादाराकडे परत निघालेली मुदत संपलेली बिस्किटं आणि बिल होऊन पोच व्हायची राहिलेली तेलाची खोकी, हे तिन्ही कागद टेबलावर आल्याशिवाय कुठलाही फरक खरा नसतो. ते काम दुपारी चारनंतर करावं. मॅनेजरनेही, झोप काढून आल्यावर.