फोटोवरून बॉर्डर मोजणाऱ्यांसाठी आचारसंहिता

बाथरूमच्या भिंतीचा फोटो घरच्या ग्रुपवर येतो. त्यावर बोटाने ओढलेली लाल रेघ, रेघेवर '७.१०', आणि खाली प्रश्न : 'चार इंची बॉर्डर किती लागेल? दुकानात उभा आहे.' मिनिटभरात उत्तर ठोकून देणाऱ्याला घरात मान मिळतो हे खरे, पण कमी पडलेल्या टाइल्स आणायला दुपारच्या उन्हात दुसराच कुणीतरी जातो. म्हणून ही आचारसंहिता.

प्रथम हातातली पट्टी खाली ठेवावी. मोबाईलच्या काचेवर पट्टी लावून रेघ मोजणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा द्यावा, आकडा विचारू नये. आपल्याकडची बाथरूम इतकी अरुंद की भिंतीचा फोटो दारातून तिरकाच निघतो. दाराजवळची टाइल मोठी दिसते, कोपऱ्यातली आक्रसते. अशा फोटोतून लांबी मोजायची नसते, पण टाइल्सची संख्या मात्र मोजता येते, आणि खरा उपयोग तिचाच आहे.

कारण '७.१०' हा आकडा नसून कोडे आहे. लिहिणाऱ्याच्या मनात सात फूट दहा इंच, म्हणजे ९४ इंच असतात. उत्तर देणारा कॅल्क्युलेटरवर ७.१० गुणिले १२ करतो. कॅल्क्युलेटरला शून्याशी देणेघेणे नसते, तो ७.१ फूट समजून ८५.२ इंच सांगतो. चार इंची टाइलने एकाला २४ लागतात, दुसऱ्याला २२, आणि दोघेही शपथेवर खरे बोलत असतात.

निवाडा फोटोतच असतो. बॉर्डरखालच्या मोठ्या टाइल्स बघाव्यात. त्या १२ इंच रुंदीच्या असल्या तर सात अख्ख्या मोजून आठवीकडे नजर टाकावी. आठवी जवळजवळ पूर्ण, दहा इंचांच्या आसपास असेल, तर भिंत सात फूट दहा इंच. आठवीच्या जागी बोटभर चिरोटी असेल, तर सात फूट एक इंच. मिस्त्रीने दोन्ही टोकांना टाइल कापली असेल तर दोन्ही तुकड्यांची बेरीज धरावी. इथे फोटो जेवढा मोठा करता येईल तेवढा करावा. झूमचा याहून पवित्र उपयोग नाही.

आता 'रुंदी'. बॉर्डर चौकोनी असेल तर प्रश्नच नाही. पण बारा बाय तीनची पट्टी असेल आणि फोटोवर 'रुंदी ३' लिहिले असेल, तर आज्ञाधारक माणूस ९४ ला तीनने भागून ३२ पट्ट्या मागवतो. भिंतीवर आडव्या बसतात आठ. टाइलची जी बाजू भिंतीच्या लांबीवर पडते तिनेच भागायचे, फोटोवर तिला काहीही नाव दिलेले असो. सांध्यांची फार चिंता नको. चार इंची म्हणून मिळणारी टाइल बहुधा १०० मिलिमीटरची असते. त्यात दोन मिलिमीटरचा सांधा धरला की जवळपास चार इंच भरतातच. रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिली असेल तर मात्र सांधा वेगळा मिळवावा.

मग भागाकार. इथे हुशार माणसे चारही भिंतींची बेरीज करून एकदाच भागतात. समजा लांब भिंती ७ फूट १० इंच, आखूड ४ फूट ८ इंच, आणि एका आखूड भिंतीत अडीच फुटी दार. दार वजा करून एकूण २७० इंच, म्हणजे साडेसदुसष्ट, म्हणून ६८. कागदावर निर्दोष! पण टाइल कोपऱ्यात वळत नाही. भिंतीगणिक मोजले तर २४, २४, १४ आणि दाराच्या भिंतीवर ७, असे ६९ होतात. दाराच्या दोन्ही अंगांचे तुकडेही वेगवेगळे धरायचे असतात. आपल्या दारापाशी एकीकडे ४ इंच, दुसरीकडे २२, म्हणून एक अधिक सहा.

लांब भिंतीवर २३ अख्ख्या आणि शेवटी अर्धी बसते. उरलेला अर्धा तुकडा समोरच्या भिंतीला चालेल, असे काटकसरी मन म्हणते. साध्या टाइलला चालेलही. पण नीटस मिस्त्री मध्यापासून मांडणी करतो : २२ अख्ख्या आणि दोन्ही टोकांना तीन-तीन इंचांचे तुकडे. एका चार इंची टाइलमधून तीन इंचांचे दोन तुकडे निघत नाहीत. तेव्हा २४ म्हणजे २४. त्यात वेलबुट्टी असेल तर उरलेल्या इंचभर चिरोटीवर अर्धे फूल येते, ते कुठेच जुळत नाही.

कापताना फुटणाऱ्यांसाठी दहा टक्के जास्त, म्हणजे ७६. बॉक्समध्ये दहा येत असतील तर आठ बॉक्स. सगळ्या बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे का ते दुकानातच बघावे, आणि न उघडलेला बॉक्स परत घेतील का हे बिल करण्याआधी विचारावे. उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवाव्यात. गळती शोधायला प्लंबर भिंत फोडतो तेव्हा त्या डिझाइनचे उत्पादन बहुधा बंद झालेले असते.