मिनिट्सकाका

बैठक संपते तेव्हा बाकीच्यांना भूक लागलेली असते. मिनिट्सकाकांना मात्र संशय आलेला असतो. बारा माणसं मान हलवून बाहेर पडली, म्हणजे बारा वेगवेगळ्या गोष्टींना मान हलली, अशी त्यांची ठाम समजूत आहे. चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात डोकावा, हे काका सापडतील. हुद्दा काहीही असेल, प्लॅनिंग म्हणा, सिस्टिम्स म्हणा. काम एकच: काल जे बैठकीला आले नव्हते त्यांना आज सकाळी मेल लिहून, तुमच्या पश्चात काय काय घडलं, ते कळवायचं.

ही मेल कोणीही लिहू शकतो, असं ज्यांना वाटतं ते डेक जोडतात आणि वर लिहितात, ‘कालच्या बैठकीचं प्रेझेंटेशन सोबत जोडलं आहे, कृपया पाहावे.’ काकांच्या लेखी हा गुन्हा आहे. त्यांचं म्हणणं असं, की डेक बैठकीच्या आधी बनतो. त्यात असतं ते मागणं. दिलं काय, ते बैठकीत ठरतं आणि ते कुठल्याच स्लाइडवर नसतं. गैरहजर माणसाला नुसता डेक पाठवणं म्हणजे लग्नाला न आलेल्याला पत्रिका पाठवून लग्न कसं झालं ते कळवणं.

परवाचीच बैठक घ्या. विषय साधा होता. ग्राहकाला माल पुठ्ठ्याच्या खोक्यातून जातो, तो आता परत येणाऱ्या प्लास्टिकच्या क्रेटमधून पाठवायचा. बावीस स्लाइड्स, त्यातल्या आठ बाणांच्या. चौदाव्या स्लाइडवर ठळक अक्षरात आकडा होता: 220 क्रेट. रोज 1200 नग जातात, एका क्रेटमध्ये 24 बसतात, म्हणजे दिवसाला 50 क्रेट. एक दिवस आपल्याकडे भरण्यात, एक वाटेत, दोन ग्राहकाच्या लाइनवर. चार दिवसांचे 200 आणि मोडतोडीला दहा टक्के वर. पडद्यावर इतकं देखणं दिसत होतं की साहेब पुढच्या स्लाइडवर जा म्हणाले. तेवढ्यात स्टोअरचे वयस्कर गृहस्थ, जे एरवी फक्त चहाच्या वेळी तोंड उघडतात, त्यांनी विचारलं, “आणि रिकामे क्रेट परत कसे येणार? उडत?”

परतीचा एक दिवस आणि धुऊन वाळवण्याचा एक दिवस डेकवाल्याच्या हिशेबातून गळाला होता. चाराचे सहा झाले, 200 चे 300 आणि दहा टक्के धरून 330. सगळे हसले, साहेबांनी “बरोबर आहे” म्हटलं, आणि गाडी पुढे गेली. चौदावी स्लाइड मात्र होती तशीच राहिली. स्लाइडला कान नसतात.

परचेसवाला त्या दिवशी सप्लायरकडे गेला होता. त्याच्या हाती नुसता डेक पडला असता तर त्याने इमानेइतबारे 220 ची ऑर्डर टाकली असती. पहिले चार दिवस सगळं सुरळीत. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या आत क्रेट संपले असते आणि पहिल्या दिवशी भरलेले सातव्या दिवसाशिवाय हाताशी येणार नाहीत. लाइनच्या टोकाला मालाचे ढीग, दाराशी ट्रक, आणि सगळ्यांच्या तोंडी, “पण डेकमध्ये तर 220 च होते!”

म्हणून काकांच्या मेलची पहिलीच ओळ होती: ‘स्लाइड 14 वरचा 220 हा आकडा धरू नये. बैठकीत 330 ठरले. कारण, परतीचा आणि धुण्याचा दिवस धरला.’ कारण एका ओळीत, तेही मुद्दाम. कारण दिलं नाही तर आठवड्याने कोणीतरी फोन करून सगळी बैठक नव्याने घ्यायला लावतो. दोन परिच्छेद दिले तर कोणी वाचत नाही.

पुढचा भाग काका तीन पेट्यांत मांडतात. ठरलं ते, नुसतं बोललं गेलं ते, आणि लटकलं ते. मधली पेटी मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. क्रेटचा रंग निळा की हिरवा यावर पंचवीस मिनिटं रण माजलं होतं; ते मधल्या पेटीत एका ओळीत बसलं: ‘रंगावर चर्चा झाली.’ साहेबांचं “बघू या, चांगली आयडिया आहे” हेही तिथेच. नवखा मिनिट्सवाला अशी वाक्यं ठरलेल्यात घालतो आणि दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन येतो, “मी असं म्हणालोच नव्हतो.” काका बैठक सुटायच्या आधी दाराशी उभे राहून ठरलेलं मोठ्याने वाचतात. जेवायला निघालेली माणसं वैतागतात, पण हरकत असली तर तिथेच घेतात.

त्याखाली कामाचा तक्ता. काम, नाव, तारीख. नावाच्या रकान्यात ते ‘टीम’ लिहू देत नाहीत. टीमला मोबाइल नसतो, म्हणतात. दोन नावंही नाहीत, कारण दोघांपैकी प्रत्येकाला दुसरा करतोय असं वाटतं. तारखेच्या जागी ‘लवकरात लवकर’ आलं की काका विचारतात, “कोणत्या वारी?”

आता या सगळ्यातली खरी मेख. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम बांधायला हजर माणसं फार उत्साही असतात. डिस्पॅचचे साहेब रजेवर होते, तेव्हा परतीच्या गाडीचं काम एकमताने त्यांच्या नावावर गेलं. एवढं एकमत एरवी बोनसवरही होत नाही. पण काका असं काम मेलमध्ये टाकण्याआधी त्या माणसाला फोन करतात. “साहेब, काल तुमच्या नावावर एक काम आलंय. शुक्रवार जमेल? की सोमवार लिहू?” पलीकडून आधी दोन शिव्या येतात, त्या बहुधा काकांसाठी नसतात, आणि मग सोमवार ठरतो. फोन न करता मेल गेली की तो माणूस ती वाचून गप्प बसतो, आणि सोमवारी सांगतो की मला कोणी विचारलंच नव्हतं. ‘उद्या पाचपर्यंत हरकत न आल्यास मान्य समजू’ ही ओळ काकाही लिहितात. तिच्यावर त्यांचा विश्वास नाही. रजेवरचा माणूस पाचपर्यंत समुद्रात असतो.

मेल गेली की उत्तरं येतात. ‘नोटेड’ म्हणणारे सात, त्यातले पाच बैठकीला होते. या वेळी मात्र न आलेल्या क्वालिटीच्या मॅडमनी एकच ओळ पाठवली: “क्रेट धुणार कोण?”

आमच्या पार्टला गंजू नये म्हणून तेल असतं. तेलावर धूळ बसली की क्रेट नुसत्या पाण्याने स्वच्छ निघत नाही. धुण्याचा दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून हिशेबात धरला होता, धुणारा कोणीच धरला नव्हता. काकांनी तक्त्यात नवी ओळ घातली, काम लिहिलं, आणि नावाचा रकाना आयुष्यात पहिल्यांदा कोरा ठेवून गुरुवारची बैठक लावली.

गुरुवारी परचेस, डिस्पॅच आणि क्वालिटी, तिघंही पाच मिनिटं आधी येऊन पुढच्या रांगेत बसले होते. या खेपेला मेंटेनन्सवाले आले नव्हते. धुण्याचं काम त्यांच्या नावावर जायला चार मिनिटं लागली. काका फोन घेऊन बाहेर गेले.