दहा टक्के कशाचे?

थेट शेअर घ्यायचे तर किती पैशांचे, हा प्रश्न आमच्या घरात एका रविवारी, पोह्यांच्या दोन बशांमध्ये कॅल्क्युलेटर ठेवून सोडवला गेला. जानेवारी २०२२ची गोष्ट. माझे सगळे पैसे तोवर म्युच्युअल फंडांत होते आणि महिन्याला वीस हजारांची एसआयपी निमूटपणे कापली जात होती. त्यात वाईट काही नव्हतं. पण ८:१४च्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून "माझा इंडेक्स फंड आहे" असं सांगितलं की समोरचा ज्या नजरेने बघतो, ती नजर मला सोसेना. "मी साबुदाण्याची खिचडी खातो, बिनमिरचीची" असं सांगितल्यावर बघतात ना, तशी.

लोकलमधल्या जाणकारांचं एकमत होतं: नव्वद टक्के फंडात, दहा टक्के शेअर. बुडले तरी दहाच बुडतील, रात्रीची झोप शाबूत. मी ते घरी येऊन बायकोला सांगितलं. बायको पतपेढीत हिशेब बघते. तिने बशी बाजूला सारून एवढंच विचारलं, "दहा टक्के कशाचे?"

हा प्रश्न लोकलमध्ये कोणालाच पडला नव्हता. मी बेरीज सुरू केली. फंड २० लाख. पीएफ १४ लाख, तोही आपलाच की. मग सोनं. मग फ्लॅट, बाजारभावाने ७० लाख. आकडा वाढत गेला तसा माझा चेहरा खुलत गेला. एक कोटीच्या वर बेरीज गेली. म्हणजे दहा लाखांचे शेअर, आणि तेही नियमात!

"अहो, शेअर पडले तर काय हॉल विकून संसार चालवायचा?" बायको म्हणाली. "जे पैसे तुम्ही बाजारात लावलेत, त्याचे दहा टक्के. वीस लाखांचे दोन."

तर दोन लाख. फंडातून काढले, प्रत्येकी २५ हजारांचे आठ शेअर घेतले. निफ्टीतली सगळ्यात वजनदार बँकही घेतली, जी माझ्या इंडेक्स फंडात आधीच मोठ्या हिश्श्याने बसलेली होती. म्हणजे घरचंच दूध हॉटेलात जाऊन विकत प्यायलो. हे मला वर्षभराने कळलं. तेव्हा मी नुसता खूश होतो.

आता पुढचा भाग मी जरा सावकाश सांगतो, कारण या अडीच-पावणेतीन वर्षांत मी नियम एकदाही मोडला नाही आणि तरीही वाट लागली. दोष शोधायला मला बराच वेळ लागला.

जून २०२२मध्ये बाजार चांगलाच खाली आला. माझ्या दोन लाखांच्या शेअरांचे १ लाख ३० हजार झाले. फंडही घसरले होते, पण एसआयपीची भर धरून तिकडे १६ लाख ८० हजार होते. मी रात्री वही उघडली. एकूण १८ लाख १० हजार. त्याचे दहा टक्के म्हणजे १ लाख ८१ हजार. शेअर आहेत १ लाख ३० हजारांचे. म्हणजे ५१ हजारांची जागा रिकामी!

मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. शेअर पडल्यामुळे शेअर घ्यायची परवानगी मिळाली होती. आणि ती मी नाही, नियमाने दिली होती. दोन महिन्यांच्या एसआयपीला सुट्टी दिली, थोडे बचत खात्यातले काढले आणि ५० हजार लावले. कशात? अर्थात सगळ्यात जास्त पडलेल्यात. स्वस्त तेच होते.

त्यातल्या रसायन कंपनीचं चरित्र इथे सांगायला हवं. २५० रुपयांनी १०० शेअर घेतले होते. जूनमध्ये भाव १८० झाला, १४० शेअर आणखी घेतले. सरासरी २५०वरून २०९वर आली, आणि मला आपण काहीतरी कमावल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षी भाव १२०. वही उघडली, जागा होतीच, २१० शेअर घेतले. सरासरी १६७ रुपये ५६ पैसे. दर वेळी माझी सरासरी खाली येत होती आणि दर वेळी शेअर तिच्याही खाली जाऊन बसत होता. लोकलमध्ये याला 'अ‍ॅव्हरेज करणं' म्हणतात. आमच्या गावी याला काय म्हणतात ते इथे छापता येणार नाही.

कंपनीचा माल परदेशात जायचा, तिथे मागणी आटली होती, भाव पडले होते, आणि कर्ज मात्र नव्या कारखान्यासाठी काढून झालं होतं. हे तिमाही निकालांत लिहिलेलं होतं. मी निकाल वाचायचो, पण त्यात फक्त 'पुढील दोन तिमाहींत सुधारणा अपेक्षित' एवढीच ओळ शोधायचो. ती दर तिमाहीला सापडायची.

याच्या उलट पंप बनवणारी एक कंपनी. तिच्याकडे मी फारसं लक्ष दिलं नाही, बहुधा म्हणूनच ती वाढली. सप्टेंबर २०२३पर्यंत २५ हजारांचे ६१ हजार झाले होते. रात्री वही उघडली तर काय, शेअरांचा हिस्सा साडेअकरा टक्के! नियमभंग! मी शिस्तीचा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला पंप विकून मोकळा झालो. नफ्याचे पेढेही आणले. महिन्याभरात बाकीची मंडळी आणखी थोडी पडली, दहाच्या खाली जागा झाली, आणि तेच ६१ हजार मी रसायनवाल्यांच्या भाऊबंदांत नेऊन ओतले. पंपवाल्या शेअरचे आज नुसते बसून १ लाख १० हजार झाले असते. हा आकडा मी रोज बघतो. बघू नये असं डॉक्टरांनी सांगितलं नाहीये, पण सांगतील.

सप्टेंबर २०२४. निफ्टी २६ हजारांवर. फंड धरून माझी बेरीज ३६ लाख झाली होती आणि शेअर ३ लाख ६० हजारांचे. तंतोतंत दहा टक्के. मी बायकोला वही दाखवली. एखाद्या पोराने वर्षभर न चुकता शुद्धलेखन काढून आणावं, तशा अभिमानाने.

तिने वही मिटली आणि बँकेचं पासबुक मागितलं.

तिचा प्रश्न पुन्हा तसाच छोटा. "तुम्ही घातले किती एकूण?"

हे मी कुठे लिहिलंच नव्हतं. वहीत फक्त आजचा भाव असे. तिने पासबुकातून एकेक तारीख काढली, एक्सेलमध्ये तारखांसमोर रकमा मांडल्या. खिशातून गेलेले पैसे ४ लाख ७० हजार. त्याचे उरलेत ३ लाख ६०. मग तिने XIRR नावाचं सूत्र लावलं, जे प्रत्येक रक्कम किती दिवस आत होती ते धरून वर्षाचा दर काढतं. दर आला उणे तेरा. मग तिने जरा क्रूरपणा केला. त्याच तारखांना तेच पैसे माझ्याच इंडेक्स फंडात गेले असते तर? सहा लाखांच्या वर. दर सोळा टक्के.

दोन वर्षं बाजारात दगडही तरंगत होते म्हणतात. मी नेमके बुडणारे निवडून घेतले होते.

आणि वहीचा दोष तेव्हा कुठे डोक्यात शिरला. मी हिस्सा मोजत होतो बाजारभावाने. म्हणजे शेअर पडला की हिस्सा कमी, हिस्सा कमी की घालायला जागा. बुडीत विहिरीवर 'इथे आणखी पाणी ओता' अशी पाटी मीच लावली होती. उलट वाढला की हिस्सा जास्त, की विका. हुशार पोराची शाळा बंद करून नापास पोराला तिसरी शिकवणी लावायची, असा तो कारभार. वर फंड वाढले की एकूण वाढे, म्हणून पुन्हा जागा. फंड बिचारे कमवत होते आणि त्यांच्या कमाईवर मी रसायनवाल्याची उधारी वाढवत होतो.

"पण पडलेलं घ्यावं, वाढलेलं विकावं, हे तर सगळेच सांगतात," मी क्षीणपणे म्हणालो.

"ते फंड आणि एफडीचं प्रमाण राखायला," ती म्हणाली. "निफ्टी पडला तर त्यात पन्नास कंपन्या आहेत. वर्षातून दोनदा ती यादी तपासतात, मेलेली काढून जिवंत घेतात. तुमच्या यादीतून कोण काढतं? एकटी कंपनी पडली तर परत उठेलच असं तिने लिहून दिलंय?"

मी म्हटलं, ठीक आहे, एवढी वर्षं शिकलो तरी. आता नीट निवडेन, इंडेक्सला दर वर्षी पाच टक्क्यांनी हरवेन.

तिने हिशेब केला. दहा टक्के पैशांवर पाच टक्के जास्त म्हणजे एकूण पैशांवर अर्धा टक्का. ३६ लाखांवर वर्षाला १८ हजार. मी रोज रात्री दोन तास त्या स्क्रीनसमोर असतो, वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर पाचशे तास. "तासाला छत्तीस रुपये पडतात," ती म्हणाली, "आणि तेही जिंकलात तर. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या मुलीला शिकवणीचे तासाला दोनशे मिळतात."

मी विषय बदलला.

नवा ठराव कालनिर्णयच्या सप्टेंबरच्या पानामागे तिच्या अक्षरात आहे. टक्के नाहीत, रक्कम आहे: घातलेले पैसे मोजायचे, भाव नाही. कप्पा दोन लाखांचा, वेगळ्या डीमॅट खात्यात, बुडाले तर बुडाले, वरून एक रुपया यायचा नाही. विकलेले पैसे त्याच कप्प्यात फिरवायचे. दर एप्रिलला इंडेक्सशी त्याच तारखांनी तुलना. तीन एप्रिल हरलो तर कप्पा बंद. दोन लाखांवरचे माझे शेअर विकून फंडात गेले. रसायनवाल्याचा भाव त्या दिवशी ७० होता, ४५० शेअरांचे ३१,५०० आले. त्यात ७५,४०० गेले होते.

आठवडाभर मी नियमाने वागलो. मग लोकलमध्ये एका आयपीओची कुजबुज सुरू झाली. घरी आलो, चहा मागितला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अगं, आयपीओ त्या कप्प्यात मोजायचा का? म्हणजे नुसता अर्ज केला, आणि शेअर लागलाच नाही, तर ते पैसे घातले असं धरायचं का?"

तिने चहा ठेवला आणि कालनिर्णयचं पान उलटून पेन शोधायला लागली.