पाच टक्के, पण कशाचे?

लघुउद्योजक आणि विक्री प्रतिनिधी यांच्या बोलणीत सर्वाधिक वेळ कमिशनच्या टक्केवारीवर जातो आणि पुढची भांडणे मात्र टक्केवारी सोडून इतर सर्व गोष्टींवरून होतात, असे या व्यवहाराचे स्वरूप आहे. कोल्हापुरातील लोखंडी कपाटांचा एखादा कारखानदार विदर्भासाठी प्रतिनिधी नेमत आहे, असे समजावे. कारखानदार चारापासून आणि प्रतिनिधी सहापासून निघतो, दोन चहांनंतर उभयता पाचावर भेटतात आणि करार झाला असे मानून निश्चिंत होतात. वास्तविक तोवर फक्त एक आकडा ठरलेला असतो.

पहिला अनुत्तरित प्रश्न 'कशावर?' हा होय. एक लाखाची कपाटे, चार हजार भाडे आणि दोन्हींवर 18 टक्के जीएसटी धरता बिल 1,22,720 रुपयांचे होते. प्रतिनिधी बिलाची शेवटची ओळ वाचून 6,136 रुपये मागतो, तर कारखानदार पहिली ओळ वाचतो, तीतून पोचा पडून परत आलेले दहा हजारांचे कपाट वजा करतो आणि 4,500 वर थांबतो. या दोन पाठभेदांपैकी दुसरा सामान्यतः ग्राह्य धरावा, कारण कर सरकारचा, भाडे ट्रकवाल्याचे आणि पोचा कोणाचाच नसतो.

दुसरा प्रश्न 'कधी?' हा आहे. ऑर्डर येताच कमिशन देणे म्हणजे 'बाजारात तुरी, भट भटणीला मारी' या न्यायाला लेखी मान्यता देणे होय. मग दुकानाला पाटी आहे एवढ्या पात्रतेवर उधारीची ऑर्डर घेतली जाते. उलट, कमिशन केवळ वसुलीनंतर द्यायचे ठरल्यास प्रतिनिधीला एसटीचे तिकीट आणि लॉजचे भाडे महिनोन्महिने पदरचे भरावे लागते. म्हणून पहिले सहा महिने उचल, म्हणजे पुढील कमिशनमधून वळती करायची आगाऊ रक्कम, देण्याचा मध्यममार्ग निघतो. न फिटलेली उचल परत करायची की सोडून द्यायची, हे मात्र त्याच दिवशी लिहावे.

तिसरा प्रश्न 'कोणाचे?' हा होय. जुन्या ग्राहकांवर कमिशन नाही असे ठरताच कारखानदाराची स्मरणशक्ती विलक्षण तल्लख होते आणि कधीकाळी प्रदर्शनात नुसता भाव विचारून गेलेला गृहस्थही यादीत दाखल होतो. त्यावर, मागील 24 महिन्यांत ज्याच्या नावे बिल फाटले तोच जुना ग्राहक, ही कसोटी उपयोगी पडते. तिला यादीतील चाळीसांपैकी बहुधा अमरावतीचा एकच दुकानदार उतरतो, त्याचीच थकबाकी सर्वांत जुनी असते, आणि 'जाता जाता तेवढी वसुली पाहा' अशी विनंती कारखानदार प्रतिनिधीलाच करतो. या कामाचे कमिशन किती, हे करारात कोठेही लिहिलेले नसते.