चौदाव्या तुकड्यापर्यंत

शाळेचा आनंद मेळावा जवळ आला की बहुतेक आया दोन गटांत पडतात. एक गट "दहा रुपये ठेवू या गं, मुलांचंच तर आहे" म्हणून मोकळा होतो. दुसरा गट समोशाची ऑर्डर देऊन मोकळा होतो. पण दर वर्गात एक वहिनी अशी असते, की केकचा तुकडा कितीला द्यायचा हे ठरवण्यासाठी ती किराण्याची बिलं, फुटपट्टी आणि प्रवासी बॅग तोलायचा लटकता काटा घेऊन बसते.

काटा सिलिंडरसाठी. वहिनींचा पक्का समज होता, की केकमध्ये पैसा जातो तो गॅसमध्ये. मोठ्या पातेल्यात तळाला मीठ पसरून, झाकण ठेवून दहा मिनिटं तापवायचं आणि मग मंद आचेवर पन्नास मिनिटं केक भाजायचा, म्हणजे तासभर शेगडी चालूच की! त्यांनी केकच्या आधी आणि नंतर सिलिंडर तोलून पाहिला, त्यासाठी यजमानांची कंबरही खर्ची पडली, पण काटा हलेना. नाताळात लागोपाठ चार केक झाले तेव्हा कुठे पाव किलोचा फरक दिसला. १४.२ किलोचा सिलिंडर तेव्हा साधारण ८५० रुपयांना होता, म्हणजे किलोला ६० रुपये. पाव किलोचे १५, आणि एका केकचा गॅस जेमतेम ४ रुपयांचा. वहिनी दिवसभर गप्प होत्या.

खरा चोर सापडला फ्रीजमध्ये. बिनअंड्याच्या केकला कंडेन्स्ड मिल्कचा अर्धा डबा लागतो, त्याचे ७५ रुपये. लोणी १०० ग्रॅम, ६० रुपये. ही दोघंच १३५ खातात. मैदा, साखर, दूध, टुटीफ्रुटी आणि सोडा-पावडर-इसेन्स मिळून ४३. "मैदा काय, घरातलाच तर होता," असं जाऊबाई म्हणाल्या, तेव्हा "घरात तो वाण्याने आहेर म्हणून पाठवला होता का?" असं उत्तर मिळालं. उरलेला अर्धा डबा कोणाच्या खात्यावर, हा वाद मात्र रंगला. तो पुढे खिरीत जाणार असेल तर केकवर अर्धाच लावायचा, हा नियम बरोबर आहे. पण रात्री यजमान चमचा घेऊन फ्रीजपाशी सापडले आणि ते ७५ रुपये त्यांच्या नावावर पडले.

सामान १७८, गॅस ४, कागदी बश्या आणि रुमाल २०, एकूण २०२. आठ इंची चौकोनी केकचे चार गुणिले चार, म्हणजे सोळा तुकडे. एकाला पडले १२ रुपये ६३ पैसे. १५ ला विकला तर फायदाच, असं कोणीही म्हणेल. वहिनी म्हणत नाहीत. त्यांच्या मते कापलेले तुकडे मोजणारा माणूस भोळा असतो. मोजायचे ते विकले जाणारे. एक कोपरा डब्याला चिकटून तुटतो, एक चाखण्यात जातो ("थोडा कच्चा वाटतोय का गं?" म्हणत चाखणारे नेहमी मोठाच उचलतात) आणि एक वर्गशिक्षिकाबाईंना द्यावा लागतो, त्यांच्याकडून पैसे कोण घेणार? उरले तेरा. तेरा पंधरे १९५, म्हणजे खिशातून ७ रुपये. मेळावा जोरात झाला, केक संपला, सगळ्यांनी वाहवा केली आणि तरी घाटा, हा चमत्कार बहुतेक आयांच्या बाबतीत दर वर्षी घडतो. त्यांनी हिशेब मांडलेला नसतो म्हणून तो कळत नाही, इतकंच.

वीस रुपये लावावेत तर शेजारच्या टेबलावर भेळ दहाला. म्हणून वहिनींनी भाव सोडून सुरी हलवली. चार गुणिले पाच, वीस तुकडे. केक पूर्ण गार होऊ दिला, कारण गरम केक कापला की कडा भुगा होऊन बशीत पडतात आणि भुग्याला गिऱ्हाईक नसतं. फुटपट्टीने खुणा केल्या, प्रत्येक कापानंतर सुरी ओल्या फडक्याने पुसली. जास्तीच्या चार बश्यांचे ५ रुपये धरून खर्च झाला २०७. भाव १५ च. तीन गेले तरी सतरा उरतात, आणि चौदावा विकला की २१० येऊन सगळा खर्च वसूल. पाचच्या नाण्यांची पुरचुंडी त्यांनी आधीच बांधून ठेवली होती, कारण सुट्टे नाहीत म्हटलं की पोरगं सरळ भेळेकडे वळतं.

मेळाव्यात त्यांचं टेबल पाहण्यासारखं होतं. तेराव्या तुकड्यापर्यंत त्या कस्टमच्या अधिकाऱ्यासारख्या उभ्या. घासाघीस नाही, "काकू, उद्या देतो" नाही. पलीकडच्या आईने बारा वाजताच भाव पाडून पाचला केक दिला, तरी या ढळल्या नाहीत. मुद्दल सुटायच्या आत भाव पाडणं त्यांना मान्य नाही; सुटल्यावर मात्र उरलेला तुकडा घरी नेऊन वाळवण्यापेक्षा पाचला गेलेला बरा, हे त्यांना पक्कं ठाऊक.

तेवढ्यात त्यांचा स्वतःचा मुलगा मित्राला घेऊन आला आणि हात पुढे केला.

"किती विकले?" त्याने विचारलं.

"बारा."

तो मित्राला म्हणाला, "चल, भेळ खाऊन येऊ. अजून दोन बाकी आहेत."